विवरणपत्रांच्या तारखा आणि नोकरीचा शोध

पुण्यातील व्यापारी पेढीवर लेखापालाची नोकरी जाते ती बहुधा त्याच्या कामातील दोषामुळे नव्हे. भावाभावांत वाटणी होऊन एका फर्मच्या दोन झाल्या आणि दोघांनीही हिशेब सनदी लेखापालांच्या कार्यालयाकडे सोपवले. कंपनीने तीन शाखांचे लेखाकाम एका ठिकाणी आणले. किंवा दोन वर्षे मंदी सोसल्यानंतर मालकाने माणसे कमी करण्याचे ठरवले. चौदा-पंधरा वर्षे एकाच खुर्चीवर बसलेला गृहस्थ मग अचानक मोकळा होतो. दुसऱ्याच दिवशी तो घाईने पन्नास ठिकाणी अर्ज पाठवतो, पंधरा दिवस उत्तराची वाट पाहतो आणि आपले वय झाले, आपली किंमत संपली, अशा निष्कर्षाला येतो. प्रत्यक्षात अनेकदा एवढेच झालेले असते की त्याचा अर्ज महिन्याच्या बारा तारखेला पेढीवर पोहोचला आणि त्या दिवशी तो वाचण्यास कोणालाही फुरसत नव्हती.

दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएसचा भरणा, ११ तारखेला विक्रीचे जीएसटीआर-१, १४ तारखेला खरेदीच्या जमेचे जीएसटीआर-२बी तयार होणे, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा, २० तारखेला जीएसटीआर-३बी, हा क्रम त्या गृहस्थाने स्वतः वर्षानुवर्षे सांभाळलेला असतो. नोकरी शोधताना मात्र तो हेच वेळापत्रक विसरतो. लेखापालाच्या शोधाची आठवडेवार आखणी या तारखांवर बसवली, तर तेवढ्याच श्रमात अधिक दारे उघडतात.

आखणीपूर्वी घरचा ताळेबंद मांडावा लागतो. उदाहरणादाखल बिबवेवाडीतील एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे ठेवावे. गृहस्थाचे वय बेचाळीस, शिक्षण बी. कॉम., हार्डवेअरच्या घाऊक पेढीवर चौदा वर्षे नोकरी, हाती येणारा पगार ३८,००० रुपये. घरात पत्नी, दोन मुले आणि आई. बँकेत शिल्लक २,१०,००० रुपये. घराचा हप्ता, किराणा, दूध, वीज, औषधे, शिकवणी आणि प्रवास मिळून मासिक खर्च ३४,००० रुपये. पतिपत्नींनी एकत्र बसून तो २९,००० वर आणला. शिलकेतून शाळेच्या शुल्काचे ३२,००० आणि आरोग्य विम्याचे १८,००० असे ५०,००० रुपये आधीच बाजूला काढले, कारण ते खर्च नेमक्या महिन्यात एकदम उभे राहतात. उरलेल्या १,६०,००० रुपयांना २९,००० ने भागले, तर साडेपाच महिने निघतात.

आता याच गृहस्थाने दोन लहान दुकानांचे अर्धवेळ लेखाकाम धरले आणि त्यातून महिन्याला १२,००० रुपये मिळू लागले, असे समजावे. शिलकेतून दरमहा फक्त १७,००० जातील आणि तीच रक्कम नऊ महिन्यांहून अधिक पुरेल. पूर्वीच्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी असलेल्या कमाईने जवळजवळ चार महिने वाढवून दिले. अर्धवेळ काम धरले तर मोठी नोकरी शोधण्यास वेळ मिळत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते; हा हिशेब त्या तक्रारीला उत्तर देतो.

येणे रकमा आल्याखेरीज या हिशेबात धरू नयेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या कायम कर्मचाऱ्यास उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, मिळते. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांची बेरीज घेऊन तिला पंधराने गुणावे, सव्वीसने भागावे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. वरील गृहस्थाचे मूळ वेतन २०,००० असेल, तर चौदा वर्षांचे सुमारे १,६१,५०० रुपये होतात आणि ती रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. पेढी सोडताना संकोचाने हा विषय न काढणारे लेखापाल थोडे नाहीत. इतरांच्या उपदानाची तरतूद ज्याने ताळेबंदात दाखवली, त्याने स्वतःचा अर्ज लेखी देण्यास लाजू नये. भविष्यनिर्वाह निधीला मात्र शेवटी हात लावावा. तेथे व्याज चालू राहते आणि घरातील दुसऱ्या कोणत्याही ठेवीपेक्षा ती रक्कम उभी करणे अवघड असते. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्याचे संरक्षण नोकरीबरोबर संपते, म्हणून त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे शेवटच्या दिवसाआधी विचारावे. घरात वृद्ध आई असताना मधले दोन-तीन महिने विम्याविना काढणे धोक्याचे आहे.

यानंतर शोध. पुण्यात लेखापालाला काम देणाऱ्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत आणि दोहोंच्या फुरसतीचे दिवस बरोबर उलटे आहेत. मार्केट यार्ड, भवानी पेठ, रविवार पेठ, लक्ष्मी रस्ता येथील पेढ्या आणि भोसरी-पिंपरीतील लहान कारखाने विवरणपत्रांच्या तालावर चालतात. ५ ते २० तारखेपर्यंत तेथील मालक आणि त्यांचे करसल्लागार गुंतलेले असतात. २१ पासून महिनाअखेरपर्यंत त्यांना बोलण्यास सवड असते. याउलट खराडी, मगरपट्टा, हिंजवडी येथील कंपन्यांची लेखा केंद्रे आणि चाकणचे मोठे कारखाने महिन्याचे हिशेब बंद करण्याच्या चक्रात असतात. त्यांचे अधिकारी महिन्याचे अखेरचे दोन-तीन दिवस आणि पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा डोके वर काढत नाहीत. १० ते २२ तारखेदरम्यान मात्र ते भेटतात. तेव्हा मधला पंधरवडा कंपन्यांसाठी आणि अखेरचा आठवडा पेढ्यांसाठी, अशी विभागणी आपोआप होते.

पेढ्यांचा आठवडा, म्हणजे २१ ते २८, सर्वांत फळ देणारा. त्याचा सोमवार घरीच जावा. वहीत पंचवीस नावे लिहावीत: ज्या पुरवठादारांशी दर वर्षी खात्याचा मेळ घातला ते, ज्या ग्राहकांच्या वसुलीसाठी फोन केले ते, लेखापरीक्षणाला येणारे तरुण जे आता स्वतः सनदी लेखापाल झाले आहेत, ट्रान्सपोर्टवाले, बँकेतील परिचित, संगणकावर टॅली बसवून देणारा. शेवटच्या माणसाला फार जण विसरतात. वास्तविक कोणत्या पेढीवर लेखापाल टिकत नाही आणि कोठे वर्षाचे काम तुंबले आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ही यादी स्मरणातून आणि स्वतःच्या परिचयातून करायची. जुन्या पेढीच्या संगणकातून ग्राहकांची यादी उतरवून आणलेला लेखापाल नव्या मालकाला पहिल्याच भेटीत कळतो, आणि आज तेथून आणली तो उद्या येथूनही नेईल, हा विचार व्यापाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

मंगळवार ते शुक्रवार रोज सकाळी साडेदहा ते बारा या वेळात सहा फोन आणि दुपारनंतर एका भागातील दोन भेटी, एवढे पुरेसे आहे. एका दिवशी एकच भाग धरावा; सकाळी मार्केट यार्ड आणि संध्याकाळी भोसरी केले की दिवस बसमध्येच संपतो. भोसरी-पिंपरी पट्ट्यातील अनेक लहान कारखाने गुरुवारी बंद असतात, तो दिवस शहरासाठी ठेवावा. फोनवर नोकरी मागण्याऐवजी नेमके काम सांगावे. “शेठजी, नमस्कार. अमुक फर्मचे तुमचे खाते मीच पाहत होतो. फर्मची वाटणी झाल्यामुळे मी गेल्या महिन्यापासून मोकळा आहे. टू-बीचा मेळ, बँकेचा मेळ, ई-इनव्हॉइस हे सगळे रोजचे काम करतो. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत कोणाचे काम तुंबले असेल तर कळवा. शनिवारी पुन्हा फोन करू का?” इतके बोलणे एका मिनिटात होते. ‘ओळखीत’ या शब्दाने समोरच्याला स्पष्ट नकार देण्याचा अवघडपणा उरत नाही, आणि शनिवारच्या उल्लेखाने दुसऱ्यांदा फोन करण्याची परवानगी मिळते. जुन्या मालकाविषयी एकही कडू शब्द या संभाषणात येऊ नये. व्यापाऱ्यांच्या जगात तो संध्याकाळपर्यंत जुन्या मालकाच्या कानी जातो, आणि चौकशीसाठी पहिला फोन त्यालाच होणार असतो.

शनिवार पुन्हा फोन करण्याचा आणि वही लिहिण्याचा. वहीत तारीख, नाव, कोणाच्या ओळखीने, काय बोलणे झाले आणि पुढील तारीख, असे पाच रकाने पुरतात. रविवारी शोध पूर्ण बंद ठेवावा. घरातील माणसांनाही फोनच्या घंटीकडे कान लावून बसण्यातून एक दिवस सुटका हवी असते.

१ ते ९ तारखांचा काळ बाहेर फिरण्याचा नाही. कंपन्यांतील कोणी भेटत नाही आणि पेढ्यांवरील कामही ५ पासून चढू लागते. पण अर्धवेळ काम मिळते ते नेमके याच दिवसांत. ज्या दुकानदाराची विक्रीची बिले ११ तारखेच्या आत चढायची आहेत, त्याला आठ दिवसांसाठी का होईना, हात हवा असतो. हे काम स्वीकारताना दर महिन्याचा ठरीव मोबदला, येण्याचे वार आणि कामाची हद्द लेखी ठरवून घ्यावी. हिशेब लिहिणे आणि मेळ घालणे एवढीच हद्द असावी. लेखापरीक्षणाची सही सनदी लेखापालाचीच असते. दंड लागल्यास तो कोणाचा, हेही आधी बोलावे, कारण बिले १० तारखेला रात्री हातात देऊन विलंब शुल्काचा दोष लेखापालावर टाकणारे मालक असतात.

मधल्या पंधरवड्यात सकाळी अर्धवेळ काम आणि दुपारी कंपन्यांचे अर्ज. येथे संख्येपेक्षा अर्जाचा मजकूर महत्त्वाचा. ‘दैनंदिन लेखाकाम सांभाळले’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘महिन्याला सुमारे चारशे खरेदी बिले, दोन जीएसटी नोंदण्या, तीन बँक खाती, वार्षिक लेखापरीक्षणापर्यंतचा ताळेबंद’ असे लिहिले की कामाचा आवाका दिसतो. कंपन्यांच्या केंद्रांत काम तुकड्यांत वाटलेले असते. एक जण केवळ पुरवठादारांची बिले पाहतो, दुसरा केवळ येणे. पेढीवर सर्व काही केलेल्या माणसाने तेथे ‘सर्व येते’ असे न सांगता त्या एकाच तुकड्याविषयी सविस्तर बोलावे. चाकणच्या कारखान्यात सॅपचा अनुभव मागतात, तेव्हा नसलेला अनुभव अर्जात घालू नये. पडद्यासमोर बसवले की दोन मिनिटांत उघडे पडते.

बसवतातच. पेढीवरच्या मुलाखतीत प्रश्नोत्तरे थोडी होतात. टॅली उघडून बँकेचे विवरण हाती देतात आणि मेळ घालण्यास सांगतात, किंवा खरेदीची नोंदवही आणि २बी पुढे ठेवून फरक शोधण्यास सांगतात. ज्याने जुन्या पेढीवर वर्षानुवर्षे तीच पद्धत चालवली, तो येथे अडखळतो, कारण नियम बरेच हलले आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस लागू झाले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखाप्रणालीत प्रत्येक बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पुरवठादाराचे बिल जीएसटीच्या संकेतस्थळावर स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय आली. मधल्या पंधरवड्यातील दोन संध्याकाळी या तीन गोष्टी हाताने करून पाहण्यात घालवाव्यात. अर्धवेळ काम असलेल्या दुकानात त्यांचा सराव आपसूक होतो. महागड्या अभ्यासवर्गाची फी शिलकेतून देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. पुरवठादाराचे बिल २बीमध्ये का दिसत नाही, या प्रश्नाची संभाव्य उत्तरे, म्हणजे त्याने विवरण भरलेले नाही, उशिरा भरले, किंवा जीएसटी क्रमांक चुकवला, ही जो एका दमात सांगतो आणि प्रत्येकावर काय करायचे तेही सांगतो, त्याला दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत आणखी एक दार उघडे असते. ३१ जुलै ही एरवी पगारदारांच्या विवरणपत्रांची आणि ३० सप्टेंबर ही करविषयक लेखापरीक्षण अहवालाची तारीख. सरकार ती अधूनमधून वाढवते. परंतु सनदी लेखापालांच्या कार्यालयांत या काळात हातांची टंचाई असतेच. बेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या मुलांच्या शेजारी बसण्यात काहींना कमीपणा वाटतो. पण त्या कार्यालयात तीस-चाळीस व्यावसायिकांचे हिशेब येतात, आणि त्यांतल्या कोणाला पूर्णवेळ माणूस हवा आहे हे तेथेच प्रथम कळते. तीन महिन्यांचे असे काम पगार कमी असला तरी नाकारू नये.

एक महिना पूर्ण झाला की वही वाचावी. लेखापालाला आकड्यांवरून दोष ओळखणे शिकवावे लागत नाही. पंचवीस फोन झाले आणि भेटी दोनच मिळाल्या, तर नावांची यादी चुकली आहे. दूरचे परिचित आणि जुने सहकारी तीत नाहीत. भेटी सात-आठ झाल्या, परंतु पुन्हा बोलावणे आले नाही, तर उणीव पडद्यासमोरच्या कसोटीत आहे. बोलणे पगारापर्यंत येऊन तुटत असेल, तर अपेक्षा आणि बाजार यांत अंतर आहे. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि ‘आणखी अर्ज पाठवणे’ हा त्यांपैकी एकाचाही उपाय नाही.

पगाराची खालची रेषा शांतपणे आधी ठरवावी. वरील कुटुंबाने असे ठरवले की शिल्लक तीन महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे ८७,००० रुपये, उरेपर्यंत ३५,००० च्या खालची जागा घ्यायची नाही; त्यानंतर ३०,००० चीही घ्यायची. अर्धवेळ कमाई नसती तर हा क्षण अडीच महिन्यांत आला असता. ती असल्यामुळे चार महिन्यांपलीकडे गेला. असा आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहिलेला असला की प्रत्येक प्रस्तावावर घरात नव्याने वाद होत नाही. गृहिणीला हा आकडा ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. व्यापारी समाजात नोकरी गेल्याचे घरातच लपवण्याची, रोज डबा घेऊन बाहेर पडण्याची आणि दरम्यान नातलगांकडून उसने घेण्याची उदाहरणे घडतात. त्याने अब्रू राहत नाही. पंचवीस नावांच्या यादीत पत्नीच्या माहेरची आणि मावशी-मामांची सहा-सात नावे येऊ शकली असती, तीही लपवाछपवीत जातात.

पैशाची निकड वाढली की फसवणारे भेटतात. नोकरीच्या नोंदणीसाठी पैसे मागणारे सहज ओळखू येतात. लेखापालावर खास टाकला जाणारा गळ निराळा असतो: ‘तुमच्या नावावर एक फर्म काढू, तुम्ही फक्त पॅन, आधार आणि ओटीपी द्या, महिन्याला पंधरा हजार घरपोच.’ अशा नोंदणीवर खोटी बिले फिरवली जातात आणि नोटीस येते ती नाव असलेल्या माणसाच्या घरी. कोणत्याही मुलाखतीत कागदपत्रांच्या प्रती देताना त्यांवर तारीख आणि कारण लिहावे. आपल्या पॅनवर एखादी अनोळखी नोंदणी झाली आहे का, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांकावरून करदाता शोधण्याच्या सोयीत लॉगिन न करताही दिसते. शोधाच्या काळात महिन्यातून एकदा ते पाहावे.

जुन्या पेढीकडून अनुभवपत्र, कार्यमुक्तीचे पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या पहिल्याच आठवड्यात घ्याव्यात. संबंध गोड असतात तोवर त्या सहज मिळतात. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली आहे का, तेही पाहावे. मालकाने ती नोंदली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचाऱ्याला आधारच्या साह्याने स्वतः नोंदता येते. ही तारीख रिकामी राहिल्यामुळे नव्या ठिकाणी खाते जोडताना अडचण येते.

नवी नोकरी मिळाली की अर्धवेळ कामाच्या दुकानदाराला त्याच दिवशी कळवावे आणि त्या महिन्याचे २० तारखेचे विवरण भरून, पासवर्ड त्याच्या स्वाधीन करून, नोंदणीवरील मोबाइल क्रमांक त्याचाच आहे याची खात्री करून मगच काम सोडावे. नव्या मालकाकडे रुजू होण्याची तारीख मागताना २१ ही सांगितली, तर तो कारण विचारील. ते कारण ऐकून तारीख नाकारणारा व्यापारी विरळा.